रिलेटिव्ह डिग्री आणि झिरो डायनॅमिक्स : बूस्ट कन्व्हर्टरच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात पॉवर सप्लाय आणि एलईडी ड्रायव्हर बनवणारे बरेच आहेत आणि ठाण्या-वाशीकडे एम.ई. करणारे विद्यार्थीही. दोघांचे प्रश्न फिरून एकाच जागी येतात: "व्होल्टेजवर फीडबॅक लिनिअरायझेशन लावलं, कागदावर सगळं बरोबर आहे, पण चालत नाही." म्हणून ही सगळी उत्तरं एकाच सर्किटवर बेतली आहेत. सर्किट असं: १२ व्होल्टच्या बॅटरीवरून २४ व्होल्ट, लोड २४ ओहम, इंडक्टर २०० मायक्रोहेन्री, कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरॅड, स्विचिंग १०० किलोहर्ट्झ. हे आकडे शेवटपर्यंत तेच राहतील.

१. रिलेटिव्ह डिग्री म्हणजे नेमकं काय मोजायचं?

आउटपुटचं डेरिव्हेटिव्ह घेत जायचं आणि इनपुट पहिल्यांदा कितव्या डेरिव्हेटिव्हमध्ये उघडपणे दिसतो ते पाहायचं. पहिल्यातच दिसला तर रिलेटिव्ह डिग्री १, दुसऱ्यात दिसला तर २. लिनिअर सिस्टिममध्ये हीच संख्या पोल वजा झिरो अशी निघते. नॉनलिनिअरमध्ये एक अट वाढते. इनपुटला गुणणारा सहगुणक त्या बिंदूपाशी शून्य नसावा, आणि तो स्टेटवर अवलंबून असल्यामुळे एका ठिकाणी चालतो तर दुसऱ्या ठिकाणी नाही. ही अट कुठे मोडते ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२. बूस्ट कन्व्हर्टरसाठी ती काढून दाखवाल का?

ड्यूटी d असेल तर u = 1 − d असं लिहू, म्हणजे समीकरणं सुटसुटीत होतात. E हे बॅटरीचं व्होल्टेज, i हा इंडक्टरचा करंट, v हे कपॅसिटरवरचं व्होल्टेज. i आणि v दोन्ही एका स्विचिंग सायकलवर सरासरी काढलेले.

```
L di/dt = E - u v
C dv/dt = u i - v/R
```

आउटपुट y = v घेतला तर दुसऱ्या ओळीतच u आहे आणि त्याचा सहगुणक i/C. करंट शून्य नसेल तोवर रिलेटिव्ह डिग्री १. स्टेट दोन आहेत आणि रिलेटिव्ह डिग्री १, म्हणून एक स्टेट आउटपुटच्या नजरेआड राहतो. पुढचा सगळा त्रास त्या एका स्टेटचा आहे.

३. मग झिरो डायनॅमिक्स म्हणजे काय? लिनिअरमधल्या झिरोशी त्याचं नातं काय?

आउटपुट हव्या त्या किमतीवर अगदी घट्ट धरून ठेवायचा आणि विचारायचं की आत उरलेले स्टेट आता कसे हलतात. ती हालचाल म्हणजे झिरो डायनॅमिक्स. धरून ठेवण्यासाठी इनपुट जसा लागेल तसा द्यायचा, त्यात आपल्याला निवड नसते.

ऑपरेटिंग पॉइंटभोवती लिनिअर केलं की या उरलेल्या समीकरणाच्या आयगेनव्हॅल्यू म्हणजेच ट्रान्सफर फंक्शनचे झिरो. उजव्या अर्ध्या प्रतलातला झिरो हा अस्थिर झिरो डायनॅमिक्सचा लिनिअर चेहरा आहे. नॉर्मल फॉर्मच्या भाषेत ही मांडणी १९८०च्या दशकात बर्न्स आणि इसिडोरी यांनी पक्की केली. झिरो डायनॅमिक्स स्थिर असेल तर सिस्टिमला मिनिमम फेज म्हणतात, नसेल तर नॉन-मिनिमम फेज.

४. व्होल्टेज २४ वर धरलं तर आत काय होतं? आकड्यांत सांगा.

v = 24 आणि dv/dt = 0 ठेवायचं तर दुसऱ्या ओळीवरून u = 24/(24 i), म्हणजे u = 1/i. हे पहिल्या ओळीत घाला:

```
L di/dt = 12 - 24/i
```

समतोल i = 2 अँपिअरवर. आता करंट २.१ झाला असं समजा. उजवी बाजू 12 − 11.43, म्हणजे धन, तेव्हा करंट आणखी वाढतो. १.९ झाला तर उजवी बाजू ऋण, करंट आणखी घसरतो. समतोलापासून जरा सरकलं की दूरच जायचं. लिनिअर केल्यावर आयगेनव्हॅल्यू +30,000 प्रति सेकंद येते, म्हणजे ३३ मायक्रोसेकंदांत चूक सुमारे २.७ पट. बूस्टचा उजव्या अर्ध्यातला झिरो R(1−D)²/L या सूत्राने काढून पाहा: 24 × 0.25 / 200 µH, तोच आकडा.

भौतिक कारण पॉवरच्या हिशेबात सापडतं. व्होल्टेज हलत नाही म्हणजे कपॅसिटरमधली ऊर्जा गोठलेली. लोडला २४ वॉट जातात, ना कमी ना जास्त. करंट २.१ असताना बॅटरीतून 12 × 2.1 = 25.2 वॉट येतात. वरचे १.२ वॉट जायचे कुठे? कपॅसिटरने दार बंद केलंय, लोडचं पोट भरलंय, उरला इंडक्टर. त्याच्यात ऊर्जा साठते म्हणजे करंट वाढतो, करंट वाढला की बॅटरीतून आणखी पॉवर येते, आणि चक्र सुरू. व्होल्टेज घट्ट धरल्यामुळे इंडक्टरला समोर स्थिर पॉवरचा लोड दिसतो आणि असा लोड ऋण रोधासारखा वागतो. दोष कंट्रोलरच्या गणितात नाही. आपण जे मागितलं, तेच तो देतोय.

५. सिम्युलेशनमध्ये व्होल्टेज सरळ रेषेत होतं, बोर्डवर मात्र मॉस्फेट जळाला. असं कसं?

कारण ग्राफवर फक्त व्होल्टेज होतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून छोटा प्रोग्रॅमच देतो. यातला कंट्रोल लॉ व्होल्टेजची चूक घातांकी वेगाने शून्यावर नेतो, पुस्तकात असतो तसाच. सुरुवातीला व्होल्टेज बरोबर २४ आहे, करंट मात्र २.१.

```python
E, L, C, R, Vr, k = 12, 200e-6, 470e-6, 24, 24, 20000
i, v, dt = 2.1, 24.0, 1e-7
for n in range(3000):
    u = (v/R - k*C*(v - Vr))/i
    i, v = i + dt*(E - u*v)/L, v + dt*(u*i - v/R)/C
    if n % 500 == 0:
        print(round(n*dt*1e6), round(v, 3), round(i, 2))
```

व्होल्टेजच्या रकान्यात शेवटपर्यंत 24.0 दिसेल. करंट १०० मायक्रोसेकंदांना ३.२ च्या आसपास असतो आणि २५० मायक्रोसेकंदांना ८.७ च्या आसपास. समीकरण हातानेही सुटतं: समतोलाच्या दुप्पट, म्हणजे ४ अँपिअर व्हायला सुमारे १३२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे स्विचिंगची जेमतेम तेरा सायकल. खऱ्या बोर्डवर तर याहून लवकर, कारण कोअर सॅच्युरेट झाला की L कोसळतो आणि करंट उभा चढतो. जळतो तो इथे.

सुरुवात १.९ पासून केली तर उलट दिशा. साधारण ६२ मायक्रोसेकंदांत करंट १ अँपिअरवर येतो, तिथे u = 1 होतो म्हणजे ड्यूटी शून्य. त्याखाली हवा असलेला u मिळूच शकत नाही, आणि मग मात्र व्होल्टेजही सुटतं. त्यातल्या त्यात ही दिशा बरी, काही जळत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. आउटपुटची चूक शून्याकडे जातेय आणि त्याच वेळी ड्यूटी एका टोकाकडे सरकत राहतेय, स्थिरावत नाहीये. असं दिसलं की कोडमधला बग शोधत बसू नका, आधी झिरो डायनॅमिक्स काढा.

६. ड्यूटी कायम ०.५ ठेवली तर बूस्ट अगदी शांत चालतो. मग त्याला अस्थिर का म्हणता?

सिस्टिमला कोणी अस्थिर म्हणत नाही. ड्यूटी बांधून ठेवली तर हा कन्व्हर्टर स्थिरच आहे, लोडमध्ये ऊर्जा जिरते आणि डोलणं थांबतं. अस्थिर आहे तो त्याचा उलटा: आउटपुट दिलेला असताना इनपुट शोधणारा. इनपुट-आउटपुट लिनिअरायझेशन नेमका हाच उलटा चालवतं, सिस्टिमची वागणूक खोडून तिथे आपली लिनिअर वागणूक लिहितं. लिनिअर भाषेत उजव्या अर्ध्यातल्या झिरोवर अस्थिर पोल ठेवून तो खोडण्याचा हा प्रकार आहे. खोडलेलं आउटपुटवर दिसत नाही, आत चालूच राहतं.

बूस्टमध्ये हा उलटा स्वभाव ऑसिलोस्कोपवर दिसतोही. ड्यूटी एकदम वाढवा: व्होल्टेज चढायच्या आधी क्षणभर खाली जातं. ड्यूटी वाढली म्हणजे डायोड कमी वेळ चालू, कपॅसिटरला कमी मिळतं. इंडक्टरचा करंट वाढून भरपाई व्हायला वेळ लागतो.

७. गेन वाढवला, इंटिग्रेटर जोडला किंवा कोऑर्डिनेट बदलले तर झिरो डायनॅमिक्स सुधारेल का?

नाही. रिलेटिव्ह डिग्री आणि झिरो डायनॅमिक्स दोन्ही स्टेट फीडबॅकने किंवा कोऑर्डिनेट बदलून हलत नाहीत. फीडबॅक पोल हलवतो, झिरो नाही. इनपुटच्या आधी इंटिग्रेटर लावला तर रिलेटिव्ह डिग्री एकने वाढते खरी, पण स्टेटही एकाने वाढतो. दडलेला भाग तेवढाच आणि तसाच. गेन वाढवल्याने उलट नुकसान होतं, कारण व्होल्टेज जितकं घट्ट धराल तितकी प्रश्न ४ मधली परिस्थिती अधिक तंतोतंत उभी राहते.

बदलता येतो तो आउटपुट. तो बदलला की झिरो डायनॅमिक्सही वेगळं.

८. मग आउटपुट म्हणून करंट घेतला तर?

हाच रुळलेला मार्ग. y = i घेतला की रिलेटिव्ह डिग्री पुन्हा १, सहगुणक −v/L, आणि व्होल्टेज काही शून्य नसतं. करंट २ अँपिअरवर धरला तर u = 12/v, आणि दुसरी ओळ अशी होते:

```
C dv/dt = 24/v - v/24
```

समतोल २४ व्होल्टवर आणि स्थिर. गंमत म्हणजे v² हा चल घेतला तर हे समीकरण पूर्ण लिनिअर होतं, टाइम कॉन्स्टंट RC/2, म्हणजे ५.६ मिलिसेकंद. कोणत्याही धन व्होल्टेजपासून सुरुवात करा, ते २४ वरच येतं.

पण दोन गोष्टींची किंमत मोजावी लागते. एक, ५.६ मिलिसेकंद हा वेग आपण ठरवलेला नाही, तो लोडने ठरवला. दोन, लोड बदलला की उत्तर चुकतं: R २४ वरून १२ झाला आणि करंटची मागणी २ वरच राहिली तर व्होल्टेज सुमारे १७ वर थांबेल. म्हणून बाहेर व्होल्टेजचा हळू लूप लावून करंटची मागणी बदलत राहावी लागते. इथे अनेकांना वाटतं की आतला लूप लावल्याने झिरो गेला. तो कुठेही गेलेला नाही. करंटच्या मागणीपासून व्होल्टेजपर्यंतचं ट्रान्सफर फंक्शन काढा, झिरो E/(L i) वर, म्हणजे 12/(200 µH × 2) = 30,000 वरच बसलेला असतो.

९. बाहेरचा लूप किती वेगवान ठेवता येईल?

३०,००० रेडियन प्रति सेकंद म्हणजे सुमारे ४.८ किलोहर्ट्झ. प्रघात असा की क्रॉसओव्हर याच्या तिसऱ्या ते पाचव्या भागापर्यंतच न्यायचा, म्हणजे इथे साधारण १ ते १.५ किलोहर्ट्झ. मी पाचवा भाग धरतो, कारण झिरो जागचा हलतो. लोड दुप्पट झाला, R = 12, तर समतोल करंट ४ आणि झिरो १५,००० वर उतरतो. डिझाइन नेहमी सर्वांत जास्त लोड आणि सर्वांत कमी बॅटरी व्होल्टेज धरून करा, कारण झिरो सर्वांत खाली तिथेच येतो.

आउटपुटचा मार्ग आधीपासून पूर्ण माहीत असेल तर आणखी एक वाट आहे, स्टेबल इन्व्हर्शन. १९९६ साली देवासिया, चेन आणि पेडन यांनी ती मांडली. यात इनपुट आउटपुटच्या हालचालीच्या आधीपासूनच सुरू होतो, म्हणून भविष्य माहीत असावं लागतं. अचानक लोड बदलण्यापुढे तिचा उपयोग नाही.

१०. असा आउटपुट नाही का, ज्यात झिरो डायनॅमिक्सच उरणार नाही?

आहे, आणि तो सुंदर आहे. एकूण साठलेली ऊर्जा घ्या:

```
y   = L i²/2 + C v²/2
y'  = E i - v²/R
y'' = E²/L + 2v²/(R²C) - u (E v/L + 2 v i/(R C))
```

पहिल्या डेरिव्हेटिव्हमध्ये u कटून जातो. जाणारच, कारण स्विच ऊर्जा फक्त इकडून तिकडे करतो, निर्माण करत नाही. दुसऱ्यात तो येतो आणि i, v धन असेतोवर त्याचा सहगुणक शून्य होत नाही. रिलेटिव्ह डिग्री २, स्टेटही २. दडलेलं काहीच नाही, सिस्टिम पूर्ण लिनिअर होते.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? y' मध्ये R आहे म्हणून. समजा कंट्रोलरने R = 24 धरला, दोन्ही पोल −1000 वर ठेवले, आणि प्रत्यक्षात लोड १२ ओहम झाला. कंट्रोलरला वाटतं लोड अर्धीच पॉवर खातोय. समतोलाचं समीकरण सोडवलं तर व्होल्टेज २४ ऐवजी २०.८ च्या आसपास येतं. ऊर्जेच्या चुकीवर इंटिग्रेटर लावला तर मात्र २३.९ पर्यंत जातं, कारण एकूण १३६ मिलिज्यूलपैकी १३५ पेक्षा जास्त कपॅसिटरमध्येच असतात. उरलेलं बाहेरच्या लूपने किंवा लोडचा अंदाज घेऊन दुरुस्त करावं लागतं.

आणि हेही ध्यानात घ्या की व्होल्टेजचा झिरो इथेही शाबूत आहे. ऊर्जा छान मागणीप्रमाणे गेली तरी व्होल्टेज आधी खाली वाकून मगच वर जाईल. आपण फक्त जे घट्ट धरू नये ते धरायचं सोडून दिलं.

११. सुरू करताना करंट शून्य असतो. तिथे कंट्रोल लॉ काय करतो?

y = v असेल तर u काढताना i ने भागावं लागतं, म्हणून i = 0 पाशी रिलेटिव्ह डिग्रीची व्याख्याच मोडते आणि कोड अनंताकडे जातो. प्रत्यक्षात लोड जोडलेला असेल तर मॉस्फेट बंद असतानाही डायोडमधून कपॅसिटर सुमारे १२ व्होल्टपर्यंत भरतो आणि अर्धा अँपिअर करंट वाहत असतो, त्यामुळे सुरुवात अगदी शून्यापासून होत नाही. खरी अडचण हलक्या लोडची. आपल्या सर्किटमध्ये करंटचा रिपल शिखर ते तळ ०.३ अँपिअर आहे, म्हणून सरासरी ०.१५ च्या खाली गेली, म्हणजे लोड १.८ वॉटच्या खाली आला, की करंट प्रत्येक सायकलमध्ये शून्याला टेकतो. तिथून प्रश्न २ मधली समीकरणंच लागू नाहीत. इंडक्टरला मागच्या सायकलची आठवण उरत नाही आणि प्रश्न ४ मधला पळणारा करंटही नसतो. डिसकंटिन्युअस मोडमध्ये मुद्दाम चालवलेले छोटे ड्रायव्हर साध्या व्होल्टेज लूपवर निमूट चालतात ते यामुळे.

१२. झिरो डायनॅमिक्स स्थिर निघालं म्हणजे हवा तितका गेन चालेल ना?

स्थानिक पातळीवर हो, दूरवर खात्री नाही. रिलेटिव्ह डिग्री २ किंवा जास्त असेल आणि पोल फार डावीकडे नेले तर आउटपुटची डेरिव्हेटिव्ह थोडा वेळ प्रचंड मोठी होतात. ती आतल्या समीकरणात शिरली तर स्थिर असलेला आतला भागही त्या धक्क्याने स्थिरतेच्या प्रदेशाबाहेर फेकला जाऊ शकतो. याला पीकिंग म्हणतात. १९९१ मध्ये सुसमन आणि कोकोटोविच यांनी ते नीट मांडलं. शिवाय आमच्याकडच्या बोर्डांवर गेनला आधी लगाम लागतो तो ड्यूटीच्या ० ते १ या मर्यादेचा.

१३. आयगेनव्हॅल्यू नेमकी शून्य आली तर? व्हायवात विचारतात.

मग लिनिअर केलेलं समीकरण काहीच सांगत नाही, नॉनलिनिअर पदं पाहावी लागतात. η' = −η³ स्थिर आहे, η' = η³ अस्थिर, आणि दोन्हींचं लिनिअर रूप एकच, η' = 0. पहिल्यात परत येण्याचा वेग घातांकी नसतो, फार मंद असतो, म्हणून ती सिस्टिम मिनिमम फेज ठरली तरी छोट्याशा डिस्टर्बन्सने मूळ जागेपासून बरीच लांब बसते. बूस्टमध्ये ही वेळ येत नाही: व्होल्टेज धरलं तर आयगेनव्हॅल्यू E/(L i), करंट धरला तर −2/(RC), आणि दोन्हींपैकी कोणतीच मर्यादित लोडवर शून्य होत नाही.